सुभद्रेचं लोण्याचं फळ

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात, यमुताई, नशीबवान आहात बाई. डोंबलाची नशीबवान! खरं बोलणाऱ्या माणसाशी संसार करून पाहा म्हणावं एकदा. शेजारीण नवं लुगडं नेसून आली आणि कसं दिसतं म्हणून विचारलं, तर हा माणूस चष्मा वर करून नीट बघतो आणि सांगतो, "रंग तुमच्यावर खुलत नाही." मग महिनाभर ती माझ्याशी बोलत नाही, त्यांच्याशी नव्हे. मधुकरराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. झाडाझुडपांशी खोटं बोलायची कुणावर वेळच येत नाही, त्यामुळे तिथे त्यांचं बरं चाललं होतं.

पण सांगायची आहे ती सुभद्रेची गोष्ट.

आम्ही तेव्हा महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहत होतो. आमच्या भिंतीला भिंत लागून जिजाबाईंचं घर. जिजाबाई मूळच्या कुहीकडच्या, शेतकऱ्याघरच्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगा कृष्णकांत, तो सेक्रेटरिएटमध्ये कारकून. मुलगी शामला, ती लग्न करून गेलेली. आणि सून ही सुभद्रा. काटोलची, संत्र्याच्या बागेतली पोर. लग्न होऊन आली तेव्हा गालावर संत्र्याचीच झळाळी होती, आणि खायची म्हणजे काय खायची! पंगतीत बसली की वाढणारी थकायची. हिवाळ्यात जिजाबाई शेगडीवर वांगी भाजायला ठेवायच्या, तर ही भरीत व्हायची वाटच पाहायची नाही. गरम वांग्याची साल काढता काढता अर्धं वांगं तोंडात, बोटं फुंकत, डोळ्यांत पाणी आणि हसणं चालू. मला म्हणायची, "यमुताई, मी मेली ना, तं पिंडाले भात नका ठेवू. भरीत ठेवा."

पाच-सहा वर्षं झाली तरी मूल झालं नाही. मग जिजाबाईंनी तो नवस केला.

त्यांचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीच्या दिवशी, सगळ्या घरासमोर, देव्हाऱ्यापुढे कृष्णकांतला बसवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलल्या, "देवा मल्हारी, नातू माह्या मांडीवर येईस्तोवर माही सून फळाबिगर काही खानार नाई." झालं. सुभद्राला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती आत भाकरी थापत होती. पिठाचे हात घेऊन बाहेर आली तोवर नवस बोलून झाला होता.

फळं आणि कपभर दूध. फळावर शेंदेलोण भुरभुरवलं तर चालेल, एवढी एक सूट. तेल नाही, तूप नाही, धान्य नाही, भाजी नाही. एकादशीचा साबुदाणासुद्धा नाही, कारण ते फळ नव्हे. काटोलहून वडील संत्र्याच्या पेट्या पाठवायचे. केळी, पेरू, पपई, बोरं. पहिले दोन महिने पोरगी हसत होती. "फुकटचं बारीक होऊन राहिली मी," म्हणायची. उन्हाळ्यात हसणं बंद झालं. पावसाळ्यात गळ्याची हाडं दिसायला लागली. दुपारी मी फोडणी टाकली की ती मागच्या दारी येऊन उभी राहायची. काही मागायची नाही, नुसती उभी. मोहरी तडतडली की डोळे मिटायची.

"अगं, खा ना माझ्या घरी," मी एकदा चिडून म्हटलं. "मी काय जिजाबाईंना सांगायला जाणार आहे? हे घे, वरणभात आहे, बस."

तिने एक घास घेतला. गिळला. आणि त्याच दिवशी कृष्णकांत ऑफिसातून ताप घेऊन घरी आला. मलेरियाचा ताप होता, गल्लीत चार जणांना आलेला होता, पण तिला कोण समजावणार? नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून बोललेला नवस तो. त्या दिवसापासून माझ्या घरात तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही म्हणाल, अडाणी. अडाणी नव्हती हो! मॅट्रिक होती. पण भीती मॅट्रिक बघून येत नाही.

एकदा ती काटोलला गेली होती, आता परत येणार नाही असं मनाशी ठरवून. वडिलांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि संत्र्याच्या दोन पेट्यांसकट बसमध्ये बसवून दिलं. "देवाचं आहे, बेटा. मी कसं मोडू?" बापही काही वाईट माणूस नव्हता. त्या पेट्या गल्लीत उतरवून घेताना मी पाहिलं तिला. संत्र्यांकडे अशी बघत होती की कुणी दगड आणून ठेवलेत.

त्यातही मला जे सगळ्यात लागायचं ते वेगळंच. मी तिला सीताबर्डीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी तपासलं आणि माझ्यावरच ओरडल्या, जसं काही मीच तिला उपाशी ठेवलं. अंगावर चरबीचा थेंब नाही, म्हणाल्या, पाळी थांबलीय, मूल कुठून होणार? खायला घाला आधी. म्हणजे बघा कसं झालं होतं. मूल होईपर्यंत खायचं नाही, आणि खाल्ल्याशिवाय मूल होणार नाही. मी हे जिजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी नाई केलं काय? कृष्णाच्या वक्ती माह्या सासूनं बोललं होतं हे. तीन साल फळावर होती मी. हिलेच काय धाड भरली?" कृष्णकांतला सांगितलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आई म्हणते तं..." पुढे काहीच नाही. त्याचं वाक्य नेहमी तिथेच संपायचं.

असं वर्ष भरत आलं. कार्तिकी पौर्णिमा झाली, आणि शामला माहेरी आली.

शामलाचा नवरा पूर्वी आमच्या अंबाझरीच्या कारखान्यात होता, मग त्याची बदली तिकडे निलगिरीत झाली. तिथे त्यांच्या क्वार्टरमागे एक झाड होतं, उशिरा येणारं. त्याची टोपलीभर फळं तिने आणली. हिरवी, खरबरीत सालीची, पेरूपेक्षा लांबट, मोठ्या नाशपातीएवढी. आणि टणक अशी की डोक्यात घातलं तर खोक पडावी. "बटर फ्रूट म्हणतात तिकडे," शामला म्हणाली. "लोण्याचं फळ. वहिनीसाठी आणलं मी, खास. पण आता नका कापू. हे झाडावर कधी पिकतच नाही. महिनोन् महिने लटकून राहिलं तरी दगडच. तोडून ठेवलं की मग आठवड्याभरात मऊ होतं."

जिजाबाईंनी ती ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवली. काही दिवसांनी एक दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. शामलाने मधून कापलं. आत पिवळट हिरवा, गुळगुळीत गर आणि मधोमध भली मोठी गोल बी. सुभद्राने चमच्याने पहिला घास घेतला तेव्हा मी तिथेच होते. गोड नाही, आंबट नाही. तिने तो घास तोंडात धरून ठेवला, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काहून वं?" जिजाबाई दचकल्या. "कडू हाय काय?"

"नाई, आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. "पोटाले लागून राहिलं."

वर्षभरात पहिल्यांदा तिच्या पोटाला काही लागलं होतं. रोज एक फळ खायची. चारच दिवसांत तिच्या आवाजात जोर आला. विहिरीवर मला म्हणाली, "यमुताई, काल मले झोप लागली. भुकेनं जाग आली नाई." आणि मी वेडी खूश झाले, की चला, देवाने वाट काढली.

पण जिजाबाईंची नजर म्हणजे काय सांगू? सुभद्राने खाऊन ठेवलेली वाटी त्यांनी घासायला घेतली आणि त्यांची बोटं थांबली. वाटीला तेलाचा तवंग. राखेने घासली तरी जाईना. त्यांनी बोट नाकाला लावलं. "शामले! हे फळ हाय का काय हाय? हे तं तुपावानी चिकट हाय!"

शामलाला कुठे काय बोलावं ते कधीच कळलं नाही. म्हणाली, "हो ना! आमच्या शेजारी कुर्गची बाई आहे, ती तर यात कांदा-मिरची घालून कोशिंबीर करते. भाजीसारखंच खातात तिकडे."

भाजी! जिजाबाईंचा चेहरा पांढरा पडला. भाजी असेल तर नवस मोडला. त्या तशाच, ओल्या हातांनी, उपाध्येबुवांकडे गेल्या. बुवांनी सांगितलं ते शामलाने मला येऊन सांगितलं. फळ असेल तर काहीच प्रश्न नाही, नवस तसाच पुढे चालू. आणि भाजी असेल, तर व्रत खंडित झालं. पण अजाणता झालं, म्हणून पाप नाही, कुणाला बाधा नाही. उद्यापन करायचं, पाच सवाष्णी जेवू घालायच्या, व्रत संपलं. मोडलेलं व्रत पुन्हा जोडता येत नाही. पण हे फळ की भाजी, हे बुवांना काय माहीत? त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "शेजारी प्राध्यापक आहेत ना तुमच्या," ते म्हणाले, "झाडांचे. ते सांगतील ते प्रमाण माना."

उद्याच चंपाषष्ठी होती. जिजाबाईंनी ठरवलं, नैवेद्याच्या आधी निवाडा करायचा.

संध्याकाळी सुभद्रा आमच्या मागच्या दारी आली. आज फोडणीला नव्हती आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून मला म्हणाली, "यमुताई, भाऊजींले म्हणा ना, भाजी हाय म्हणून."

एवढंच म्हणाली. हात जोडले नाहीत, रडली नाही. मला काय वाटलं म्हणून सांगू! एक शब्द हो. भाजी. दोन अक्षरं. तेवढ्याने ही पोर सुटत होती, आणि तिच्या मनावर भीतीचा ओरखडाही न राहता सुटत होती, कारण पापच नाही म्हणून बुवांनीच सांगितलेलं. मी तिला म्हटलं, "तू घरी जा. काळजी करू नको."

मग मी आमच्या ह्यांच्याकडे वळले. मधुकरराव शामलाने दिलेलं एक फळ टेबलावर ठेवून भिंगातून त्याची साल बघत बसले होते, दिवाळी आल्यासारखे. पुस्तकातच पाहिलं होतं म्हणे त्यांनी आजवर.

"उद्या भाजी म्हणून सांगायचं," मी म्हटलं.

"पण ते फळ आहे," हे म्हणाले.

"मला माहिती नाही का? तरी भाजी म्हणायचं."

"यमे, भाजी हा आमच्या शास्त्रातला शब्दच नाही. तो स्वयंपाकघरातला शब्द. देठ असो, मूळ असो, पान असो, फळ असो, तुम्ही शिजवता, मिठामिरचीशी खाता, त्याला भाजी म्हणता."

"मग स्वयंपाकघरातलं उत्तर द्या ना! कुणी अडवलंय? तिथे कोशिंबीर करतात ना त्याची? मग झाली भाजी!"

"मला शेजारी म्हणून विचारलं असतं तर दिलं असतं," हे म्हणाले. "पण ते मला शास्त्रासाठी बोलावताहेत. बुवांनी प्रमाण माना म्हणून सांगितलंय."

मी काय काय नाही बोलले! डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. तिची गळ्याची हाडं सांगितली. तुमचं शास्त्र चुलीत घाला म्हटलं. ते खाली मान घालून ऐकत होते. त्यांचाही जीव तुटत होता, ते दिसत होतं मला. रात्री ते जेवले नाहीत. पण होकारही दिला नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, एका सुनेला सासूने कोंडलं आणि बाहेरून कडी घालायला माझा नवरा चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जिजाबाईंकडे गेलो. घरभर भाजलेल्या वांग्यांचा वास. सकाळपासून सुभद्रा वांगी भाजत होती, भाकरी थापत होती. चंपाषष्ठीचा नैवेद्यच भरीत-भाकरीचा. मागच्या वर्षी याच दिवशी तिचं खाणं सुटलं होतं आणि आज तिच्याच हाताने ते देवासाठी होत होतं. परातीत सोललेली वांगी होती, कांद्याची पात चिरून ठेवली होती, फोडणी अजून द्यायची होती. देव्हाऱ्यापुढे जिजाबाई, भिंतीला टेकून कृष्णकांत, दाराशी शामला. सुभद्रा स्वयंपाकघराच्या चौकटीत, हाताला पीठ. अगदी मागच्या वर्षीसारखी.

"सांगा मास्तर," जिजाबाई म्हणाल्या. "खंडोबासमोर सांगा. तुमी सांगान ते आमी मानू. शब्द हाय माहा."

ह्यांनी सुरी मागितली. फळ उभं कापलं, दोन भाग केले. वर्गात सांगावं तसं सांगायला लागले. "भाजी हा शब्द आमच्या शास्त्रात नाही, जिजाबाई. आम्ही इतकंच बघतो की ही वस्तू फुलातून आली का. फुलाच्या पोटात जी बीजाची कुपी असते, ती वाढून जे होतं ते फळ. हे तसंच झालंय. म्हणून हे फळ. त्यात शंका नाही."

मी सुभद्राकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"पन हे चिकट काहून?" जिजाबाईंनी विचारलं. "फळ तं गोड रायते. हिचं तं तेल-तूप बंद हाय."

"बहुतेक फळं आपल्या गरात साखर साठवतात. हे तेल साठवतं. ऑलिव्ह नावाचं एक फळ आहे, तेही असंच. याच्या गरात शंभरात पंधरा-वीस भाग तेल. झाडावर असताना ते हळूहळू भरत जातं. ही बी बघा केवढी. ती झाडाखालीच पडली तर सावलीत रोप वाढायचं नाही, कुणी तरी लांब न्यायला हवी. एवढी बी गिळणार कोण? मोठं जनावर. त्याला ओढून आणायचं तर खाणंही तसं भारी द्यायला हवं. साखरेपेक्षा तेलात दुपटीहून जास्त ताकद असते. म्हणून गर असा झाला असावा, असं मानतात. पण हे वरून घातलेलं तेल नव्हे. फळाचं स्वतःचं आहे."

जिजाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हंजे नवस मोडला नाई."

"फळ खाल्लं म्हणून मोडला असं मला म्हणता येणार नाही," हे म्हणाले.

"देवच पावला वं!" जिजाबाईंनी देव्हाऱ्याला हात जोडले. "बिना तेलाचं तेल देल्लं त्यानं. शामले, तू टोपलं पाठवत जाय. आता सुभद्राले दोन साल लागो का तीन साल, काही फिकीर नाई."

दोन साल का तीन साल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून जाणार होते मी. पण आमचे हे थांबले नव्हते. शिकवायला लागले की घंटा होईपर्यंत थांबायचं त्यांना माहीतच नाही. हातातली फाक वर धरून ते सांगतच होते.

"फळातही हे मृदुफळ, बेरी म्हणतात ती. आंब्यासारखं नाही. आंब्यात बीभोवती कठीण कोय असते, ती फळाच्याच भिंतीची झालेली. इथे कोय नाही. ही गोल वस्तू म्हणजे बीच, नुसत्या पातळ पापुद्र्यातली. बाहेर साल, आत सगळा गर. द्राक्ष असतं तसं. टोमॅटो, मिरची, वांगं, ही सगळी मृदुफळंच. फक्त यात बी एकच."

तेवढ्यात चौकटीतून सुभद्राचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"भाऊजी, वांगं?"

"हो. वांगं मृदुफळ आहे."

"फळ?"

"फळच. तेही फुलातूनच येतं."

सुभद्रा एक पाऊल पुढे आली. "आन् मिरची? टमाटर?"

"तीही."

"कांदा?"

"कांदा नाही. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे. बटाटा खोड. साबुदाणा एका मुळाचा करतात. ती फळं नव्हेत."

जिजाबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. त्या जन्मभर एकादशीला बटाटा आणि साबुदाणाच खात आल्या होत्या. पण सुभद्रा त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या नवऱ्यावर अशी खिळली होती, की डोळा हलला तर उत्तर निसटेल.

"आन् ज्वारी, भाऊजी?"

आमचे हे जरा थबकले. मग म्हणाले, "ज्वारीचा दाणा आपल्याला बी वाटतो. पण तो फळच आहे. सुकं फळ, एकाच बीचं. फळाची भिंत बीच्या सालीला चिकटून एक झालेली असते. आपण दळतो ते अख्खं फळ दळतो. गव्हाचंही तसंच. आणि तांदळाचंही, पण तो सडून पॉलिश केला की—"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला टाच दाबून दिला. तांदळाचं तिथेच राहिलं.

सुभद्रा आत गेली. परातीतलं सोललेलं एक वांगं तिने वाटीत काढलं, तेल-कांद्याचा हात न लागलेलं. त्यात भाजलेली मिरची कुस्करली, टोमॅटो चिरून टाकला. मग बाहेर येऊन ह्यांच्या हातातली लोण्याच्या फळाची अर्धी फाक मागून घेतली, चमच्याने तिचा गर त्यात काढला आणि सगळं एकजीव केलं. वर शेंदेलोण भुरभुरवलं. भरीत चकाकायला लागलं, चांगलं पळीभर तेल घातल्यासारखं. ताटात ज्वारीची भाकर घेतली. देव्हाऱ्यासमोर ताट दाखवून, आमच्या सगळ्यांसमोर, पाटावर बसली.

"सुभद्रे!" जिजाबाई ओरडल्या. "काय करून राहिली तू?"

"फळं खाऊन राहिली, आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. "नवस मोडला नाई. तुमीच म्हनल्या, मास्तर सांगन ते मानू."

जिजाबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, सांगा हिले! भाकर कुठी फळ रायते काय?"

त्या क्षणी, खरं सांगते, मला माझ्या नवऱ्याचा पहिल्यांदाच आधार वाटला. कारण त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाला खोटं बोलता येत नाही.

"ताटात आहे ते सगळं फळच आहे, जिजाबाई," हे म्हणाले.

जिजाबाई मुलाकडे वळल्या. "कृष्णा, तू बोल न गा काही!" कृष्णकांत भिंतीपासून सुटा झाला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, झालं, आता म्हणेल आई म्हणते तं. तो खाली बसला, सुभद्राच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या सरकवून ठेवला आणि म्हणाला, "खाय." बस. जन्मात एवढं एकच वाक्य त्याने पूर्ण केलं असेल.

सुभद्राने घास मोडला. भाकरीच्या तुकड्यात भरीत घेतलं आणि तोंडात घातलं. आधी हळू, भीत भीत चावत होती, नवऱ्याकडे बघत, की याला काही होतं का. त्याला काही झालं नाही. मग ती खायला लागली. अहो, खायला लागली म्हणजे काय! बोटं चाटत, नाक ओढत, मान वर न करता. शामला तोंडाला पदर लावून रडत होती. मीही रडत होते, आणि आमच्या ह्यांचा बहुतेक अंगठा दुखत होता, तेही डोळे पुसत होते.

जिजाबाई मात्र देव्हाऱ्यासमोर तशाच बसून होत्या. राग उतरला होता चेहऱ्यावरचा. दुसरंच काही तरी चढत होतं. कितीतरी वेळ त्या परातीतल्या वांग्यांकडे बघत राहिल्या. मग खूप बारीक आवाजात, जिजाबाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्यांनी विचारलं,

"मास्तर, त्या वक्तीही वांगं फळच होतं?"

"कुठल्या वेळी?" ह्यांना कळलं नाही.

"माह्या वक्ती. कृष्णाच्या आंधी. तीन साल." त्यांनी परातीकडे हात केला. "सासूच्या हाताखाली वांगे भाजो मी. रोज भाजो. कोनी मले सांगतलं नाई."

ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. खोटं बोलता आलं असतं तर त्या घडीला नक्की बोलले असते. पण नाही आलं.

"होय, जिजाबाई," ते म्हणाले. "तेव्हाही फळच होतं."

जिजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, कोपऱ्यातला दुसरा पाट ओढला आणि सुनेच्या शेजारी टाकून बसल्या.

"मलेही दे वं थोडं," त्या म्हणाल्या. "ते देवाचं नको. हे तुह्यातलं. कांद्याबिगरचं."

सुभद्राने आपली भाकर अर्धी मोडली आणि सासूच्या हातावर ठेवली.